पऱ्हाटीचं एक फूल, एक पान आणि मागचा पिपा

फोटो ऑगस्टच्या अखेरीचा, सकाळी साडेनऊच्या सुमारास मोबाईलवर काढलेला. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेचा व्हरांडा, तेलाचा वरून कापलेला रिकामा पिपा, त्यात काळी माती आणि त्यात मुलांनी जूनमध्ये टोबलेल्या सरकीतून आलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. वनस्पतिशास्त्राच्या तक्त्यासाठी या एका फोटोतून दोनच गोष्टी हव्या होत्या: बाजूने दिसणारं एक उमललेलं फूल आणि एक पूर्ण पान. माती, पिपा, मागची भिंत, बाकीची पानं हे सगळं जायला हवं होतं. तक्ता ए-फोर कागदाचा, फूल त्यावर नऊ सेंटीमीटर रुंद बसणार, आणि शेवटी त्याच्या झेरॉक्स निघणार.

फोटो पुन्हा काढावा असं आधी वाटलं होतं. मागे निळा कार्डशीट फूटभर अंतरावर धरला असता तर निम्मं काम वाचलं असतं. पण पऱ्हाटीचं फूल एका दिवसाचं असतं. सकाळी उमलतं तेव्हा फिकट पिवळसर पांढरं असतं, संध्याकाळपासून गुलाबी व्हायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी ते मिटलेलं, लालसर दिसतं. हा फोटो तपासायला घेतला तोवर दुपार उलटून गेली होती. झाडावर दुसरं फूल होतं, पण ते पानाआड. म्हणून आहे त्याच फोटोवर काम केलं.

काम जिम्प २.१० या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं. ते फुकट आहे आणि शाळेच्या जुन्या संगणकावरही चालतं. पण अवजारांआधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावरच ठरले. पऱ्हाटीच्या फुलाखाली तीन मोठी हिरवी छदकं असतात. शेतकरी ज्याला पाती म्हणतात, त्या कळीला गुंडाळून असलेली तीन पानंच ती. आपल्याकडे शेतात सर्रास असते ती अमेरिकन पऱ्हाटी, आणि तिच्या छदकांच्या कडेला लांब, टोकदार दात असतात, एकेका छदकावर साधारण सात ते बारा. देशी कापसाच्या छदकाची कड जवळजवळ सलग असते, दात असलेच तर थोडे आणि उथळ. म्हणजे फूल कापून काढताना हे दात घासले गेले तर चित्र नुसतं खराब होत नाही, ते दुसऱ्याच जातीकडे झुकतं. बाजारातल्या जाहिरातीसाठी फूल कापणं आणि तक्त्यासाठी फूल कापणं यातला फरक एवढाच आहे: जाहिरातीत कड गुळगुळीत झाली तर बरंच, इथे कड हीच माहिती.

पहिलं काम मापाचं. फोटो काढताना झाडाशेजारी, फुलाच्या रेषेत, प्लास्टिकची पट्टी उभी धरली होती. ती पट्टी माती-पिप्याबरोबर जाणारच, म्हणून काहीही कापण्याआधी माप उतरवून घ्यावं लागतं. Shift+M दाबून मोजणीचं अवजार घेतलं आणि पट्टीवर शून्यापासून पाचपर्यंत ओढलं: १०६० पिक्सेल. म्हणजे एक सेंटीमीटरला २१२. फुलाची रुंदी १२७२ पिक्सेल भरली, म्हणजे सहा सेंटीमीटर. पट्टी फुलाच्या पुढे किंवा मागे असती तर हा आकडा खोटा ठरला असता. जवळची वस्तू मोठी दिसते, आणि मोबाईल हातभर अंतरावर असताना चार बोटं पुढेमागे झालं तरी फरक पडतो. त्याच वेळी नव्या लेयरवर, म्हणजे फोटोवर ठेवलेल्या वेगळ्या पारदर्शक थरावर, २१२ पिक्सेल लांबीची काळी रेघ मारून ठेवली. पुढे चित्र लहान केलं की रेघही त्याच प्रमाणात लहान होते, हिशेब पुन्हा करावा लागत नाही.

मग आपोआप निवडणारी अवजारं आजमावली. वेळ फुकट गेला असं म्हणणार नाही, कारण ती कुठे फसतात ते पाहिल्यावरच हाताने कुठे काम करायचं हे कळलं. Fuzzy Select म्हणजे एका जागी टिचकी मारली की सारख्या रंगाचा सलग भाग निवडणारं अवजार. पाकळीवर टिचकी मारली तर निवड पाकळीची कड ओलांडून थेट पिप्यावर सांडली. कापलेल्या पिप्याचा पत्रा चकाकत होता आणि उन्हातला तो चकाकणारा पट्टा पाकळीच्याच रंगाचा होता. रंगात किती फरक चालेल हे ठरवणारा Threshold पंधरावरून सहावर आणला तर सांडणं थांबलं, पण आता पाकळीच्या शिरांमधल्या सावल्या निवडीबाहेर राहिल्या आणि पाकळी चाळणीसारखी झाली.

Foreground Select जास्त हुशार आहे. फुलाभोवती ढोबळ घेरा घालायचा, आतल्या भागावर रेघोट्या ओढून हे हवं असं सांगायचं, आणि ते कड शोधतं. पाकळ्यांची कड त्याने चांगली पकडली. छदकांशी मात्र ते हरलं, आणि दोन्ही बाजूंनी हरलं. जिथे छदकामागे सावलीतली ओली काळी माती होती तिथे दात मातीत गेले, कारण फुलाच्या सावलीतला गडद हिरवा आणि ओल्या मातीचा काळपट रंग यांत त्याला फरक सापडेना. जिथे छदकामागे दुसरं पान होतं तिथे ते पानच छदक म्हणून आत आलं. पडद्यावर पूर्ण फूल एका नजरेत पाहिलं तर हे लक्षातही येत नाही, सगळं ठीकच वाटतं. दोनशे टक्क्यांवर नेऊन दात मोजले तेव्हा कळलं: मूळ फोटोत समोरच्या छदकावर नऊ दात दिसतात, निवडीत साडेपाच उरले होते.

म्हणून Paths घेतलं. B दाबलं की ते येतं. कडेवर एकामागून एक बिंदू टाकत जायचे, वळण असेल तिथे बिंदू टाकताना बटण न सोडता ओढायचं की रेघ वाकते, आणि शेवटी Ctrl धरून पहिल्या बिंदूवर टिचकी मारली की घेरा बंद होतो. हे हळू काम आहे, पण याचा मोठा फायदा असा की घेरा फाईलमध्ये जसाच्या तसा राहतो. चुकला तर एखादा बिंदू सरकवायचा, पुन्हा पहिल्यापासून नाही.

बिंदू किती टाकायचे याचा अंदाज हातानेच येतो. पाकळीच्या लांब वळणाला सात-आठ बिंदू पुरतात, आणि तिथे जास्त टाकले तर कड उलट खडबडीत होते. छदकाच्या दाताला मात्र किमान तीन लागतात: एक दाताच्या मुळाशी, एक अगदी टोकावर, एक दुसऱ्या बाजूच्या मुळाशी. टोकावरचा बिंदू ओढायचा नाही, नुसती टिचकी मारायची, म्हणजे टोक टोकदारच राहतं. ओढलं की ते बोथट, गोल होतं. दोन दातांमधली खाच मात्र गोलसर असते, तिथे ओढायचं.

सावलीतल्या दातांची कड डोळ्यांनाही नीट दिसत नव्हती, मग बिंदू कुठे टाकणार? त्यासाठी मूळ लेयरची एक नक्कल केली आणि तिच्यावर Colors मधल्या Curves ने गडद भाग भरपूर उजळवला. चित्र भुतासारखं दिसतं, पाकळ्या पांढऱ्याफटक होतात, पण मातीच्या ढेकळांपुढे छदकाची कड आणि तिच्यावरचे बारीक केसही दिसायला लागतात. घेरा या उजळ नकलेकडे बघत काढला. घेऱ्याचा कुठल्याही लेयरशी संबंध नसतो, तो वेगळाच राहतो. म्हणून काम झाल्यावर नक्कल पुसून टाकली तरी घेरा जागच्या जागी. या एका युक्तीने बुडालेले साडेतीन दात परत आले.

देठ कुठे तोडायचा हाही प्रश्न होता. पऱ्हाटीचं फूल फळफांदीच्या पेरावर येतं आणि त्याच पेरावर समोरच्या बाजूला पान असतं. फुलाचा देठ फांदीला मिळतो त्या सांध्याच्या जरा वर, देठाचा सेंटीमीटरभर भाग ठेवून घेरा आडवा, सरळ रेषेत तोडला. देठ निमुळता करत नेऊन हवेत विरवला तर पाहणाऱ्याला तो तिथेच संपतो असं वाटतं. सरळ काप दिसला की कळतं, पुढे काहीतरी होतं, ते इथून तोडलंय.

घेरा बंद झाल्यावर Enter दाबलं की त्याची निवड होते. आता इथे निवड उलटी करून Delete दाबायचा मोह होतो. तो टाळला. मोबाईलच्या जेपेग फोटोत पारदर्शकतेची सोयच नसते, त्यामुळे Delete केल्यावर मागे रंग भरला जातो. आणि पारदर्शकता जोडून घेतली तरी पुसलेलं ते पुसलेलं. त्याऐवजी लेयरवर उजवी टिचकी मारून Add Layer Mask निवडलं आणि त्यात Selection हा पर्याय घेतला. मास्क म्हणजे लेयरवर ठेवलेला कागदी साचा समजा. साच्यात जिथे पांढरं तिथे चित्र दिसतं, काळं तिथे झाकलं जातं. माती गेली नाही, लपली आहे. मास्कवर ब्रशने पांढरं फिरवलं की बुडालेला दात परत वर येतो, काळं फिरवलं की आत शिरलेली माती जाते. X दाबलं की काळा-पांढरा अदलाबदल होतो, एवढी एक कळ लक्षात ठेवली तरी काम निम्म्या वेळात होतं. चूक होते ती अशी की मास्कऐवजी चित्रावरच ब्रश फिरतो आणि पाकळीवर काळा पट्टा उमटतो. लेयरच्या यादीत कुठल्या छोट्या चित्राभोवती पांढरी चौकट आहे हे आधी पाहायचं.

छदकं एकमेकांवर येतात तिथे मध्ये एक लहान त्रिकोणी फट होती आणि त्या फटीतून माती दिसत होती. बाहेरचा घेरा नीट असला तरी अशा आतल्या फटी राहून जातात. ती मास्कवर काळ्या ब्रशने झाकली. पानाच्या बाबतीतही हेच होतं, त्याचं पुढे सांगतो.

आता खरी कटकट: किनार. मागे तात्पुरता भडक गुलाबी लेयर ठेवला. पांढऱ्यावर जे लपतं ते गुलाबीवर ओरडून सांगतं. पाकळीच्या खालच्या कडेला दोन-तीन पिक्सेल जाडीची तपकिरी रेघ फिरत होती. घेरा चुकला होता म्हणून नाही. जेपेगमध्ये उजेड-अंधार बारकाईने साठवला जातो, पण रंग बहुतेक वेळा अर्ध्याच बारकाईने, त्यामुळे कडेवर शेजाऱ्याचा रंग पिक्सेल-दोन पिक्सेल आत सांडतो. शिवाय पाकळी पातळ आणि अर्धपारदर्शक, तिच्या कडेवर मातीचा रंग खरोखरच थोडा उतरलेला असतो. पत्र्याच्या बाजूला तर उलटंच, तिथे किनार निळसर चमकत होती.

यावर सगळीकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे Select मधलं Shrink: निवड दोन-तीन पिक्सेल आत ओढा, किनार जाते. पाकळ्यांपुरतं हे चालतं. दातांचं काय होतं ते मोजून पाहिलं. दाताच्या शेवटच्या अर्ध्या सेंटीमीटरमध्ये त्याची रुंदी वीसेक पिक्सेलपासून शून्यावर येते. निवड दोन्ही बाजूंनी तीन-तीन पिक्सेल आत गेली की जिथे दात सहा पिक्सेलपेक्षा बारीक आहे तो सगळा भाग नाहीसा होतो. म्हणजे टोकापासून बत्तीसेक पिक्सेल, दीड मिलिमीटर, आणि तेही प्रत्येक दाताचं. त्यावर Feather लावून कड मऊ केली तर उरलेलं टोकही धुरकट. अशी फुलं छापील तक्त्यांवरही पाहायला मिळतात, छदकाचे दात एकसारखे आखूड आणि बोथट, जणू कात्रीने छाटले.

त्यामुळे मास्कला हात न लावता चित्राचाच रंग बदलला. मास्क जागेवर ठेवून चित्राचं छोटं चित्र निवडलं, S दाबून Smudge घेतलं, दहा-बारा पिक्सेलचा ब्रश ठेवला आणि पाकळीच्या आतून बाहेरच्या दिशेने छोटे छोटे फटकारे मारले. आतला पिवळसर रंग कडेवर येतो, तपकिरी बाहेर ढकलला जातो, आणि बाहेर गेलेलं मास्कखाली झाकलेलंच असतं. आकार जराही बदलत नाही, फक्त कडेचा रंग बदलतो. दातांसाठी ब्रश चार पिक्सेलचा आणि फटकारा दाताच्या लांबीच्या दिशेने, मुळाकडून टोकाकडे. आडवा मारला तर समोरच्या कडेची माती दातात येते. Smudge ने पोत थोडा पुसतो, म्हणून हे फक्त कडेच्या दोन-तीन पिक्सेलपुरतंच. आत शिरलं की पाकळी मेणाची दिसायला लागते.

मागची एक पाकळी फोटोत थोडी अस्पष्ट होती, मोबाईलचा फोकस समोरच्या छदकांवर होता. तिची कड इतरांसारखीच चाकूने कापल्यासारखी ठेवली तर ती कागदातून कापून चिकटवल्यासारखी वाटते. मास्कवर त्या एका कडेपुरता मऊ ब्रश फिरवला, मूळ फोटोत जितकी धूसर आहे तितकाच.

पानाचं काम त्यामानाने सोपं, म्हणून तिथे घाई झाली आणि तीच अंगाशी आली. फोटोत समोर तोंड करून असलेली दोन पानं होती. मोठं पान दिसायला सुंदर, पण त्याचा डावा खंड पिप्याच्या कापलेल्या कडेमागे गेला होता. उजव्या खंडाची नक्कल उलटवून डावीकडे जोडली तर कुणाला कळणारही नाही, तासाभराचं काम. पण मग ते त्या झाडाचं पान राहत नाही, आपण बनवलेलं पान होतं. पानाचे दोन खंड एकसारखे कधीच नसतात आणि शिरा तर मुळीच नाही. ते पान सोडलं. शेंड्यापासून चौथं, थोडं लहान पण पूर्ण दिसणारं पान घेतलं, तीन खंडांचं.

पऱ्हाटीच्या पानाची कड सलग असते, दात नसतात, त्यामुळे घेरा भराभर होतो. दोन जागा मात्र सांभाळाव्या लागतात. पानाचा बुडखा हृदयाकृती असतो, दोन्ही बाजूचे भाग देठाजवळ येऊन मध्ये अरुंद खाच राहते आणि त्या खाचेत माती दिसते. बाहेरून घेरा काढणारा माणूस ती खाच सरळ ओलांडून जातो, मग तक्त्यावर पानाच्या बुडाशी मातीचा काळा थेंब राहतो किंवा तो कुणीतरी हिरव्याने भरून टाकतं आणि पानाचा बुडखा सपाट होतो. दुसरी जागा देठाच्या तळाशी. तिथे दोन बारीक, टोकदार उपपर्णं असतात. आमच्या फोटोत एकच दिसत होतं, तेही मातीच्या ढेकळासमोर, वाळलेल्या काडीसारखं. मातीतला कचरा म्हणून ते जाणारच होतं. Curves ची उजळ नक्कल इथेही कामी आली.

घाई अंगाशी आली ती मात्र कडेवर नाही, पानाच्या मधोमध. दोन दिवस पाऊस झाला होता आणि खालच्या पानांवर मातीचे शिंतोडे उडालेले होते. माती काढायचीच होती, म्हणून H दाबून Heal घेतलं आणि पानावरचे काळे ठिपके एकेक करून पुसायला सुरुवात झाली. वीस-पंचवीस पुसल्यावर शंका आली, कारण ठिपके संपतच नव्हते. ते शिंतोडे नव्हते. कपाशीच्या पानावर, देठावर, छदकांवर, बोंडावर गॉसिपॉल या विषारी द्रव्याच्या सूक्ष्म ग्रंथी असतात आणि त्या काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. सरकीतही त्याच असतात, म्हणून सरकीचं तेल शुद्ध केल्याशिवाय खात नाहीत. म्हणजे पानाची एक ठळक ओळख मातीच्या नावाखाली पुसली जात होती.

फरक ओळखायला सोपा आहे, फक्त मोठं करून पाहायला हवं. ग्रंथी सगळ्या जवळपास एकाच आकाराच्या, टाचणीच्या टोकाएवढ्या, पानभर बऱ्यापैकी सारख्या विखुरलेल्या असतात आणि त्यांना सावली पडत नाही. मातीचा शिंतोडा कमीजास्त आकाराचा, तपकिरी, कडेला फिकट वाळलेली रेघ असलेला, आणि बहुतेक पानाच्या एकाच बाजूला, जिथून पाणी उडालं तिथे, जास्त असतो. पुसलेलं सगळं Ctrl+Z ने मागे घेतलं आणि मग फक्त अकरा शिंतोडे काढले. Heal वापरताना ज्या जागेचा पोत घ्यायचा ती त्याच शिरेच्या त्याच बाजूची निवडली, नाहीतर शीर मध्येच तुटते. मोठा शिंतोडा मुख्य शिरेवर होता, तो तसाच ठेवला. तिथली शीर खाली कशी जाते हे दिसत नसताना ती आपल्या मनाने काढणं योग्य नाही.

रंगाला फारसं छेडलं नाही. पट्टीच्या पांढऱ्या भागावर फोटो किंचित हिरवट होता, तेवढं Levels मधून पट्टीवरच पांढरा बिंदू धरून सरळ केलं. आपोआप रंग सुधारणारा पर्याय वापरला असता तर फुलाचा पिवळसरपणाच दोष समजून धुतला गेला असता.

आता पांढऱ्या कागदावर पिवळसर पांढरं फूल. पडद्यावर ते दिसतं, छापल्यावर वरच्या दोन पाकळ्या कागदात विरून जातात, झेरॉक्सवर तर फक्त छदकं आणि हवेत तरंगणारे केसर उरतात. मागे फिकट निळी चौकट भरून पाहिली. रंगीत छपाईत छान, झेरॉक्समध्ये मात्र त्या चौकटीचे काळे रवे झाले, मातीच परत आल्यासारखी. म्हणून बारीक राखाडी रेघ काढायचं ठरलं. फुलाचं चित्र आधी छापायच्या आकाराला आणलं: नऊ सेंटीमीटर, इंचाला तीनशे पिक्सेलने १०६३ पिक्सेल रुंद. मापाची रेघ आपोआप १७७ पिक्सेल झाली, कागदावर दीड सेंटीमीटर, म्हणजे फूल खऱ्याच्या दीडपट आहे आणि रेघेखाली लिहायचं १ सेंमी. Mask to Selection ने निवड घेतली, फुलाच्या खाली नवा लेयर केला आणि Edit मधल्या Stroke Selection ने सहा पिक्सेलची राखाडी रेघ मारली. रेघ कडेच्या दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी पडते, पण लेयर खाली असल्याने आतली तीन पिक्सेल फुलाखाली झाकली जातात आणि बाहेरची तीन दिसतात, पाव मिलिमीटर. रेघ आधी काढून मग चित्र लहान केलं असतं तर ती झेरॉक्सला पुरली नसती.

फाईल पीएनजीत काढली. जेपेग केली असती तर पारदर्शक भागात रंग भरला गेला असता आणि फुलाचा चौकोन पानावर चढला असता. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून नाही, Document म्हणून पाठवली. फोटो म्हणून गेली की पिक्सेलही कमी होतात आणि पारदर्शकताही जाते.

पहिली प्रत आली. समोरच्या छदकाचे दात मोजले: आठ. मूळ फोटोत नऊ होते आणि मास्कमध्येही नऊच होते. उत्तर राखाडी रेघेत निघालं. चौथा आणि पाचवा दात एकमेकांना इतके जवळ आहेत की लहान केलेल्या चित्रात त्यांच्या मधली फट पाचच पिक्सेल उरली. दोन्ही दातांच्या बाहेरून तीन-तीन पिक्सेलची रेघ आली, फट भरली, आणि झेरॉक्सने दोन दातांचा एक जाड दात केला. हिरव्या छदकांना पांढऱ्या कागदावर रेघेची गरजच नव्हती. रेघेच्या लेयरवर खोडरबर फिरवून पाकळ्यांपुरतीच रेघ ठेवली, छदकांभोवतीची काढली. दुसऱ्या प्रतीवर नऊ दात आले.